गाडी बुक करण्याआधी बँकेला एक पत्र

श्रोतेहो, नमस्कार. मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली. त्यातली बरीचशी कर्ज विभागाच्या टेबलावर गेली. आज तुमच्याशी एका पत्राबद्दल बोलायचं आहे. जेमतेम एक पान भरेल एवढं पत्र, पण गाडीच्या शोरूममध्ये पहिली पावती फाडायच्या आधी ते बँकेच्या टेबलावर पोचलेलं असावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

माझी आतेबहीण कराडजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मागे एका पाडव्याला तिनं गाडी घ्यायचं ठरवलं. तिचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथं ती आधी जाऊन आली. कर्ज विभागातल्या माणसानं पगाराची स्लिप पाहिली, सिबिल स्कोअर पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं कर्ज होऊन जाईल. 90 टक्के मिळेल. तुम्ही खुशाल बुक करा." पाडव्याचा मुहूर्त चुकायला नको म्हणून तिनं त्याच दिवशी 25 हजार रुपये भरून गाडी बुक केली. आठ दिवसांनी मंजुरी आली आणि रात्री मला फोन आला. "दादा, लाखाच्या वर कमी पडतायत रे. कुठून आणू?"

त्या माणसानं तिला फसवलं नव्हतं. त्यानं सांगितलेले 90 टक्के खरेच होते. प्रश्न एवढाच होता की 90 टक्के कशाचे?

शोरूममध्ये गाडीच्या दोन किमती सांगतात. एक एक्स-शोरूम, दुसरी ऑन-रोड. बहिणीच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत होती 7 लाख 80 हजार. ती पेट्रोलची गाडी. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली की 11 टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे 85 हजार 800. विमा 36 हजार. नोंदणी, नंबर प्लेट, फास्टॅग असं किरकोळ धरून आणखी 4 हजार 200. सगळं मिळून गाडी रस्त्यावर यायला 9 लाख 6 हजार.

आता 90 टक्के काढू. ऑन-रोड किमतीचे 90 टक्के म्हणजे 8 लाख 15 हजार 400, म्हणजे पदरचे साधारण 90 हजार घालायचे. बहिणीनं हाच हिशेब धरला होता आणि तेवढे पैसे तिच्याकडे होते. पण त्या बँकेच्या योजनेत टक्केवारी एक्स-शोरूम किमतीवर होती. 7 लाख 80 हजारांचे 90 टक्के झाले 7 लाख 2 हजार. कर, विमा, नोंदणी सगळं तिच्या अंगावर. पदरचे 2 लाख 4 हजार लागणार होते. एका शब्दावरून 1 लाख 13 हजारांचा फरक पडला. काही बँका ऑन-रोड किमतीवर कर्ज देतात, काही एक्स-शोरूमवर. दोन्ही रीतसर आहे. पण आपल्याला कुठली लागू आहे हे तोंडी बोलण्यात कधीच स्पष्ट होत नाही.

शेवटी तिनं बुकिंग रद्द केलं. शोरूमनं 5 हजार कापून बाकीचे परत केले. बुकिंगच्या फॉर्मवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं आणि खाली तिची सही होती.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून एक पत्र लिहिलं. तेच मी आता वाचून दाखवतो. कागद-पेन जवळ असेल तर घ्या.

"प्रति, माननीय शाखा व्यवस्थापक. विषय: वाहन कर्जाचे लेखी मंजुरीपत्र सर्व अटींसह मिळण्याबाबत. महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते असून माझा पगार त्याच खात्यात जमा होतो. मला स्वतःच्या वापरासाठी नवीन चारचाकी घ्यायची आहे. विक्रेत्याचे कोटेशन, पगाराच्या तीन महिन्यांच्या स्लिप, फॉर्म सोळा आणि ओळखीची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. मी अद्याप गाडी बुक केलेली नाही. आपले लेखी मंजुरीपत्र हाती आल्यावरच मी बुकिंग करणार आहे. तरी मंजुरीपत्रात पुढील बाबी स्पष्ट नमूद कराव्यात, ही विनंती."

इथं थोडं थांबतो. "मी अद्याप गाडी बुक केलेली नाही" हे वाक्य गाळू नका. बुकिंग झालेला ग्राहक अडलेला असतो आणि टेबलापलीकडच्या माणसाला ते कळतं. बुकिंग न केलेल्या ग्राहकाला दुसऱ्या बँकेचं दार उघडं असतं. आता पत्राचा पुढचा भाग.

"कर्जाची एकूण रक्कम किती, आणि ती एक्स-शोरूम किमतीवर काढली आहे की ऑन-रोड किमतीवर. मला स्वतः भरावयाची रक्कम किती. व्याजाचा दर किती, तो घटत्या शिल्लक रकमेवर आहे का, आणि स्थिर आहे की बदलता. दर मंजुरीच्या दिवशीचा लागू होईल की कर्जवाटपाच्या दिवशीचा. मुदत, मासिक हप्ता आणि हप्त्यांचे पूर्ण वेळापत्रक. प्रक्रिया शुल्क व इतर सर्व शुल्के जीएसटीसह. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास लागणारा आकार. हप्ता चुकल्यास लागणारा दंड. कर्जासोबत एखादा विमा सुचवला जात असल्यास तो ऐच्छिक आहे की कसे. मंजुरी किती दिवस वैध राहील. तसेच मुख्य तथ्य विवरणपत्र मराठीतून मिळावे. कळावे. आपली विश्वासू."

पत्र एवढंच. त्यातल्या दोन गोष्टींवर मात्र सविस्तर बोलायला हवं.

पहिली गोष्ट, व्याज घटत्या शिल्लक रकमेवर आहे का. हे का विचारायचं? कारण गाडीच्या कर्जात फ्लॅट रेट नावाचा प्रकार अजूनही ऐकू येतो. समजा 7 लाख कर्ज, पाच वर्षं मुदत. एक जण सांगतो 9 टक्के, घटत्या शिल्लकेवर. दुसरा सांगतो फक्त साडेपाच टक्के, फ्लॅट. ऐकणारा साडेपाचकडे झुकणारच. आता हिशेब बघा. 9 टक्क्यांच्या कर्जाचा हप्ता साधारण 14 हजार 531 येतो. फ्लॅटमध्ये दरवर्षी पूर्ण 7 लाखांवर व्याज लावतात, तुम्ही निम्मं कर्ज फेडलं असलं तरी. वर्षाचे 38 हजार 500, पाच वर्षांचे 1 लाख 92 हजार 500. ते मुद्दलात मिळवून साठनं भागलं की हप्ता येतो 14 हजार 875. म्हणजे साडेपाच टक्क्यांचं कर्ज 9 टक्क्यांच्या कर्जाहून महाग पडलं. त्याचा खरा दर 10 टक्क्यांच्या आसपास जातो. दोन ठिकाणचे दर ताडून पाहायचे असतील तर रक्कम आणि मुदत सारखी ठेवून फक्त हप्ता विचारा. हप्त्यात लपवालपवी करता येत नाही.

दुसरी गोष्ट, मुख्य तथ्य विवरणपत्र. इंग्रजीत त्याला की फॅक्ट्स स्टेटमेंट म्हणतात, बँकेत नुसतं केएफएस. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढलं आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसाठी हे विवरणपत्र देणं बंधनकारक केलं. सरकारी, खासगी, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्या, सगळ्यांना ते लागू आहे. यात वार्षिक टक्केवारी दर म्हणून एक आकडा असतो. व्याज आणि बँकेनं लावलेली शुल्कं एकत्र धरून कर्ज वर्षाला खरं किती टक्क्यांना पडतं, ते त्यातून दिसतं. सोबत हप्त्यांचा तक्ता असतो. हे विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं आणि समजावूनही सांगायचं असतं, म्हणून मराठीतून मागणं हा तुमचा हक्क आहे. गाडीच्या कर्जासारख्या मोठ्या मुदतीच्या कर्जाला ते वाचून विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. सगळ्यात महत्त्वाचं, जे शुल्क त्यात लिहिलेलं नाही ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

गावातल्या पतसंस्थेतून कर्ज घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. तिथं हा नियम दाखवता येणार नाही, पण पत्र मात्र जरूर द्या.

पत्राच्या दोन प्रती करा. एक शाखेत द्या, दुसरीवर तारखेसह पोचेचा शिक्का आणि सही घ्या. "मॅडम, याची काय गरज, आम्ही आहोत ना," असं कुणी प्रेमानं म्हणेल. त्या माणसाची पुढच्या महिन्यात बदली होऊ शकते. मी स्वतः नऊ शाखा फिरलो, माझी तोंडी आश्वासनं माझ्याबरोबरच गेली.

उत्तर आलं की त्यावर "तत्त्वतः मंजुरी" असं लिहिलंय का ते पाहा. तत्त्वतः मंजुरी ही खरी मंजुरी नव्हे. कागदपत्रांची पडताळणी, घरचा पत्ता, जामीनदार यावर ती अवलंबून असते आणि फिरू शकते. तुम्हाला हवं ते अंतिम मंजुरीपत्र, रकमेसह. हे मिळेपर्यंत शोरूमला फक्त कोटेशन मागा. कोटेशनला पैसे पडत नाहीत.

पत्राला उत्तरच आलं नाही तर? आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनामूल्य तक्रार करता येते.

बहिणीनं दुसऱ्या खेपेला हेच पत्र दोन बँकांत दिलं. एकीनं सहा दिवसांत मंजुरीपत्र आणि मराठी विवरणपत्र दिलं, रक्कम ऑन-रोड किमतीवर. ते घेऊन ती माझ्याकडे आली. शुल्कांच्या रकान्यात एक ओळ होती: कर्ज सुरक्षा विमा, 11 हजार. ही रक्कम कर्जातच मिळवलेली होती, म्हणजे तिच्यावरही पाच वर्षं व्याज. तिचा मुदतीचा विमा आधीपासून होता. दुसऱ्या दिवशी ती शाखेत गेली आणि व्यवस्थापकांना म्हणाली, "सर, हा विमा ऐच्छिक आहे ना? मग मला नको." त्यांनी काही न बोलता ती ओळ काढून नवं विवरणपत्र छापून दिलं. त्यावर सही करून ती तिथूनच शोरूमला गेली आणि गाडी बुक केली.