शंभर दाण्यांचं पत्रक

(दृश्य: मे महिना. लातूर जिल्ह्यातल्या एका गावाचं समाजमंदिर. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, सतरंजीवर बसलेले शेतकरी.)

निवेदन:
खरीपपूर्व मेळावा. विषय सोयाबीन. व्याख्यान तासाभराचं, आणि त्यात सगळंच आहे. वाण, बीजप्रक्रिया, रुंद सरी वरंबा, खतांच्या मात्रा, चक्री भुंगा, खोडमाशी. मधेच कुठंतरी हे वाक्य येऊन जातं: "पेरणीपूर्वी घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासून ती किमान 70 टक्के असल्याची खात्री करावी व प्रति हेक्टरी 75 किलो बियाणे वापरावे; उगवणक्षमता कमी आढळल्यास त्या प्रमाणात बियाण्याचे प्रमाण वाढवावे."

वाक्यात चूक काहीच नाही. पण ते ऐकून घरी गेलेल्या माणसानं नक्की काय करायचं?

2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारींचा राज्यभर पाऊस पडला होता. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ, आणि अंकुर अगदी त्याच्या आतच बसलेला. मळणीयंत्र जोरात फिरलं, पोतं उंचावरून आदळलं, की दाणा वरून धडधाकट दिसतो आणि आतून मेलेला असतो. नुसतं बघून ते कळत नाही. ते उगवून बघावं लागतं.

(दृश्य: कृषी सहायक ताई टेबलाशी. व्याख्यानाच्या छापील पानांवर लाल पेनाच्या रेघा.)

निवेदन:
गावच्या कृषी सहायक ताईंनी या व्याख्यानाचं पत्रक करायला घेतलं. पहिला निर्णय कठीण होता, पण तोच खरा: एक सोडून बाकी सगळं काढून टाकायचं. पत्रक म्हणजे व्याख्यानाचा सारांश नाही. पोत्याजवळ बसलेल्या माणसाच्या हातात ते असणार आणि त्याला एकच काम करायचं असणार. खोडमाशीचं पत्रक जुलैत वेगळं निघेल.

दुसरा बदल मापाचा. इथं हेक्टरमध्ये कुणी बोलत नाही. 75 किलो हेक्टरी म्हणजे एकरी 30 किलो. पत्रकात तेवढंच राहिलं. टक्केही गेले. दाणे शंभरच मोजायचे असतील, तर 'शंभरपैकी किती उगवले' एवढं पुरतं.

(दृश्य: पेन्सिलनं काढलेली चार चित्रं, एकाखाली एक.)

निवेदन:
आता चित्रं. पहिलं, पोत्यात कोपरापर्यंत गेलेला हात. खाली ओळ: "साफ केलेल्या बियाण्यातून वरून, मधून, तळातून मूठमूठ घ्या. एकत्र करा. शंभर दाणे मोजा. चांगले चांगले निवडू नका." शेवटचं वाक्य व्याख्यानात नव्हतं. पण चाचणी फसते ती बहुतेक इथंच. हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो, निकाल छान येतो, आणि शेतात नांग्या पडतात.

दुसरं चित्र, गोणपाटाचा ओला तुकडा आणि त्यावर दहा ओळींत दहा दहा दाणे. ओळी शोभेसाठी नाहीत. उघडल्यावर मोजताना चुकायला नको म्हणून. वरून दुसरा ओला तुकडा टाकायचा आणि गुंडाळी करून सावलीत ठेवायची.

तिसरं चित्र पहिल्या खेपेला फसलं. गुंडाळीशेजारी पाण्याची बादली काढली होती.

(दृश्य: ओसरीवर एक वयस्क शेतकरी, हातात कच्चं पत्रक. ताई गप्प बसून बघताहेत.)

निवेदन:
ताईंची पद्धत अशी, की मेळाव्याला न आलेल्या माणसाच्या हातात कागद द्यायचा आणि आपण बोलायचं नाही. 'समजलं का' असंही विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. "काका, यात सांगितलंय तसं करून दाखवा," एवढंच म्हणायचं.

काकांनी दाणे नीट मांडले, गुंडाळी बांधली आणि सरळ बादलीत सोडली.

"मॅडम, चित्रात तसंच हाय की."

बरोबरच होतं त्यांचं. पाण्यात बुडालेलं सोयाबीन हवेविना सडतं, म्हणजे चांगलं बियाणंही नापास झालं असतं. बादली गेली, तिथं पाणी शिंपडणारा हात आला. ओळ झाली: "रोज पाणी शिंपडा. गोणपाट पिळला तर पाणी गळू नये, पण हाताला ओल लागावी."

चौथ्या चित्रावर सगळ्यात जास्त वेळ गेला. सात दिवसांनी गुंडाळी उघडली, की उगवलेला कुणाला म्हणायचं? नुसता फुगलेला दाणाही लोक मोजतात. मोड आलेला पण मूळ खुंटलेला, तोही मोजतात. व्याख्यानात यासाठी 'सामान्य रोपे' असा शब्द होता. पत्रकात दोन रांगा केल्या. वरच्या रांगेत लांब सरळ मूळ आणि धड कोंब असलेलं रोप: "हे मोजा." खालच्या रांगेत फुगलेला, सडलेला, तुटक्या कोंबाचा, आखूड जाड मुळाचा: "हे मोजू नका."

आधी वरची रांग हिरवी आणि खालची लाल केली होती. मग लक्षात आलं, की हा कागद तालुक्याच्या झेरॉक्स दुकानातूनच पुढं जाणार आणि तिथं हिरवा-लाल दोन्ही करडे होणार. फोटोंचे तर काळे डागच उमटतात. म्हणून जाड रेघांची चित्रं, आणि 'मोजू नका'वर मोठी फुली.

(दृश्य: पत्रकाची मागची बाजू. तक्ता.)

निवेदन:
राहिलं ते 'त्या प्रमाणात वाढवावे'. हे त्रैराशिक शेतकऱ्यावर कशाला टाकायचं? एकदाच करून छापून टाकलं. 70 किंवा जास्त उगवले, तर एकरी 30 किलो. तिथून खाली दर एका दाण्यामागं अर्धा किलो वाढ. 69 ला साडेतीस, 68 ला एकतीस, असं करत 60 ला 35 किलो. साठाच्या खाली आकडा नाहीच. तिथं लिहिलंय, "हे बियाणे पेरू नका."

काकांनी तीन गुंडाळ्या केल्या होत्या, कारण एका शंभरावर भरवसा ठेवू नका असं पत्रकात आहे. उगवले 66, 62 आणि 67. बेरीज 195, भागिले तीन, 65. तक्त्यात 65 समोर साडेबत्तीस किलो. काकांचं रान चार एकर. म्हणजे 120 ऐवजी 130 किलो. दहा किलो जादा. ते घरातच होतं.

(दृश्य: पेरणी. तिफणीच्या दात्यांमागं पडणारे दाणे.)

निवेदन:
या कागदाची मर्यादाही आहे. गोणपाटातली ओल आणि रानातली ओल वेगळी. पुरेशा पावसाआधी पेरलं, किंवा दाणा खोल गेला, तर शंभरातले नव्वद उगवणारं बियाणंही वर येत नाही. म्हणून तळाशी एकच जादा ओळ ठेवली: "तीन बोटांपेक्षा खोल पेरू नका." यापुढं लिहायचा मोह ताईंनी आवरला. जागा होती, तरीही.

त्या जागेत तीन मोकळे चौकोन छापले, तीन गुंडाळ्यांचे आकडे लिहायला. आणि वर, सगळ्यात ठळक अक्षरात, तारीख: "हे काम 20 मेच्या आत करा." बियाणं साठाच्या खाली निघालं, तर दुसरं शोधायला मृगापर्यंत हातात दिवस हवेत.