मालकांच्या पैशाचा खर्च

छोट्या कंपनीच्या भांडवलाचा भारित सरासरी खर्च, म्हणजे कर्ज आणि मालकांचा पैसा यांच्या खर्चाची प्रत्येकाच्या वाट्याचा भार धरून येणारी सरासरी, काढायचा म्हटलं की बहुतेक जण बँकेच्या व्याजदरापाशी थांबतात. मालकांनी घातलेल्या पैशावर कुणी व्याज मागत नाही, म्हणून तो फुकटचा वाटतो. खरं तर तोच सगळ्यात महाग असतो.

आपण एक कल्पित कंपनी घेऊ. बँकेचं कर्ज 40 लाख, व्याज 10 टक्के, नफ्यावरचा कर 25 टक्के. व्याज खर्चात धरलं जातं आणि तेवढा कर वाचतो, म्हणून कर्ज प्रत्यक्षात 7.5 टक्क्यांना पडतं. अर्थात, कंपनी नफ्यात असेल तरच. तोट्याच्या वर्षी कर भरायचाच नसतो, तेव्हा वाचणार काय?

आता मालकांचा पैसा. कंपनी बुडाली तर आधी बँकेची वसुली होते, उरलं तर मालकांना. जोखीम जास्त, त्यामुळे त्यांची अपेक्षा 10 टक्क्यांहून वरच असायला हवी. किती वर, हा अंदाजच असतो. धंद्याची अनिश्चितता आणि पैसा अडकून पडणं लक्षात घेऊन आपण 8 टक्के वाढवू, म्हणजे 18.

पुढची पायरी भारांची, आणि गफलत होते ती इथेच. ताळेबंदात मालकांचं भांडवल आणि साठलेला नफा मिळून 40 लाख दिसतात. निम्मं-निम्मं धरलं की सरासरी येते 12.75 टक्के. पण ताळेबंदातला आकडा पूर्वी घातलेल्या पैशाचा आहे. मालकांचा हिस्सा आज केवढ्याचा आहे, हे तो सांगत नाही. समजा व्याज, कर आणि मालकांचा रास्त पगार वजा जाता दरवर्षी 14.4 लाख उरतात आणि ते तसेच उरत राहतील. हा पगार धरला नाही, तर त्यांची मेहनतच भांडवलावरचा परतावा म्हणून मोजली जाते. 14.4 ला 18 टक्क्यांनी भागलं की हिश्शाची किंमत येते 80 लाख.

मग भार झाले एक तृतीयांश कर्ज, दोन तृतीयांश मालक:

```
7.5 × 1/3 + 18 × 2/3 = 14.5
```

हिशोब जुळतो का, तेही पाहता येतं. मालकांचे 14.4 आणि करबचतीनंतरचं व्याज 3, मिळून 17.4 लाख. त्याला 14.5 टक्क्यांनी भागा, 120 लाख येतात: 40 कर्ज, 80 मालकांचे. बेरीज जुळली नाही, तर भार आणि किंमत एकमेकांशी विसंगत आहेत असं समजा.

फरक कुठे पडतो? 10 लाखांचं यंत्र करानंतर दरवर्षी 1.35 लाख देत राहणार असेल, तर 12.75 टक्क्यांनी त्याची किंमत साधारण 10.6 लाख ठरते, 14.5 टक्क्यांनी 9.3 लाख. पहिल्या हिशोबाने घ्यावंसं वाटतं, दुसऱ्याने ते तोट्यात जातं. मात्र यंत्राची जोखीम आणि कर्जाचं प्रमाण सध्याच्या धंद्यासारखंच असेल, तरच हा दर त्याला लावावा. संपूर्ण यंत्र कर्जावर घेतोय म्हणून 7.5 टक्के लावणं चूक, कारण त्या कर्जाने मालकांची जोखीम वाढते आणि त्यांचा 18 चा आकडाही वर सरकतो.