आज आवतन घ्या, उद्या जेवाले या
(जर्मनीतील मंडळाच्या पोळा मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळींनो, नमस्कार.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या विदर्भातल्या खेड्यांत बैलांचे खांदे शेकतात. जू घासून घासून घट्टा पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि बैलाला सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' त्या आवतनात वखराचं नाव नसतं, वावरात किती तासं राहिली तेही नसतं. गावाकडच्या गाइडनं इथं प्रयोगशाळेत आलेल्या पीएच.डी.च्या मुलांना पोळ्याचा निरोप धाडायचा, तर तो असाच हवा. मुलांना बैल म्हटलं म्हणून रागावू नका; जू कोण ठेवतं ते गाइड मंडळींना ठाऊक आहे.

मुदतीची आठवण द्यायला गाइडची गरजही नसते. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.ला किमान 3 आणि जास्तीत जास्त 6 वर्षं आहेत, शिवाय दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. हे आकडे मुलांना पाठ असतात. म्हणून साधं वाक्यही त्यांना टोचतं.

समजा, पुसदकडची एक मुलगी इथं पऱ्हाटीपासून बायोचार करण्यावर काम करते आहे. गाइडचा पहिला मसुदा बहुधा असा उतरतो: 'पोळ्याच्या शुभेच्छा! कामाचा ताण घेऊ नकोस. पुढच्या पोळ्याला डॉक्टर होऊन गावात ये. तिकडे पोळा कुठला म्हणा! घरची जोडी सजली का?'

हेतू चांगलाच आहे. पण 'ताण घेऊ नकोस' म्हणताच विसरलेला ताण आठवतो. 'पुढच्या पोळ्याला डॉक्टर' हा आशीर्वाद दिसतो, पण त्यात सरळ सरळ तारीख आहे. 'तिकडे पोळा कुठला' यानं घर आणखी दूर जातं. सगळ्यात वाईट शेवटचा प्रश्न. कितीतरी घरच्या जोड्या विकल्या गेल्या आणि मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर आली. तिच्या घरी दावणीला काय आहे ते माहीत नसताना विचारू नये. आपल्या डोळ्यांपुढचं सांगावं.

कौतुक करायचं तर झालेल्या कामाचं करावं आणि एकाच, नेमक्या गोष्टीचं. 'छान चाललंय' म्हटलं की 'चाललंय, म्हणजे संपलं नाही' असं ऐकू येतं. दुरुस्त मसुदा असा:

'वैशाली, आज खांद शेकले. उद्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतील, झडत्या म्हणायला पोरं आतापासूनच घसा साफ करताहेत. ओली पऱ्हाटी तोलली की वजन फसवं येतं, म्हणून तू ओलाव्याचा वेगळा रकाना केलास ना, तो आम्ही इथल्या वहीतही आखून घेतला. फार उपयोगी पडला. पोळ्याच्या शुभेच्छा. उत्तर लिहायची गरज नाही.'

पाठवण्याआधी यातली भविष्यकाळी क्रियापदं शोधा. इथं एकच आहे, 'उभ्या राहतील', आणि ते बैलांचं आहे. विद्यार्थ्याच्या नावानं भविष्यकाळ निघाला तर ते वाक्य गाळा. एरवी 'तू' म्हणत असाल तर सणाला 'आपण' म्हणू नका, मुलं दचकतात.

वेळेचंही पाहावं लागतं. पोळ्याच्या दिवसांत जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे असते. आपल्याकडे सकाळी सातला पाठवलेला निरोप इथं पहाटे साडेतीनला वाजतो, आणि त्या वेळी पडद्यावर गाइडचं नाव दिसलं की झोप गेलीच. खांद शेकून झाल्यावर, संध्याकाळी सातला पाठवा. इथं दुपारचे साडेतीन असतात. प्रकरणाच्या दुरुस्त्या गेलेल्या जुन्या ईमेलला उत्तर म्हणून मात्र धाडू नका, कारण वर विषयाच्या जागी प्रकरणच लिहिलेलं राहतं. गटातही टाकू नये. तिथं कोणीतरी हमखास लिहितो, 'सर, माझा मसुदा तयार आहे', आणि बाकीच्यांच्या घशात पुरणपोळी अडकते.

एवढं करूनही उत्तर येऊ शकतं: 'सर, सॉरी, उशीर झाला, पाठवते.' म्हणजे निरोपात कुठंतरी जू राहिलं, किंवा चार दिवसांपूर्वीची आपली कामाची ईमेल तिच्या मनात अजून ताजी आहे. अशा वेळी 'हरकत नाही, सोमवारी पाठव' लिहिलं की सगळं मुसळ केरात. 'मी फक्त पोळ्यासाठी लिहिलं होतं' एवढंच कळवावं आणि सोबत तोरणाखालच्या बैलाचा फोटो द्यावा. कामाचं खरंच काही असेल तर ते तान्हा पोळाही उरकल्यावर, वेगळ्या ईमेलनं.