दोन युनिफॉर्मची बेरीज: सगळी मेख लिमिट्समध्ये

आज एकच गणित करायचंय, पण सावकाश. X आणि Y हे दोन रँडम व्हेरिएबल, दोन्ही 0 ते 1 मध्ये युनिफॉर्म आणि एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले, म्हणजे इंडिपेंडंट. Z = X + Y घेतलं तर Z ची डेन्सिटी काय?

समजा ऑफिसला जायला दोन बस लागतात आणि दोन्ही दर 10 मिनिटांनी सुटतात. पहिल्या स्टॉपवर तुम्ही कधी पोचाल याचा नेम नाही, आणि मधल्या ट्रॅफिकमुळे दुसऱ्या स्टॉपवर कधी उतराल याचाही नाही. 10 मिनिटं म्हणजे आपलं एक युनिट धरू, मग दोन्हीकडे मिळून जे ताटकळणं होतं ते Z. आता कोणी म्हणेल की बेरीज 0 ते 2 मध्ये फिरते, मग ती पण युनिफॉर्म असणार, डेन्सिटी सगळीकडे अर्धा. तसं नाही होत, कारण एकूण 19 मिनिटं थांबायचं तर दोन्ही बसनी एकाच दिवशी दगा द्यावा लागतो, पण एकूण 10 मिनिटं व्हायला 2 आणि 8, 5 आणि 5, 9 आणि 1 असं काहीही चालतं.

हेच सूत्रात लिहिलं की कॉन्व्होल्यूशन होतं:

f_Z(z) = ∫ f_X(x) f_Y(z − x) dx

वाचायचं असं, की X ने x घेतला तर बेरीज z व्हायला Y ला z − x घ्यावंच लागतं. इंडिपेंडंट असल्यामुळे दोन डेन्सिटींचा सरळ गुणाकार करता येतो, आणि मग सगळ्या x वर इंटिग्रेट करायचं. इथे तर दोन्ही डेन्सिटी एकतर 1 किंवा 0, त्यामुळे आत इंटिग्रेट करण्यासारखं काही उरतच नाही, जिथे दोन्ही 1 आहेत त्या तुकड्याची फक्त लांबी मोजायची. म्हणून मी म्हणतो की हे गणित इंटिग्रेशनचं नाहीच, लिमिट्सचं आहे.

अटी दोन. x हा 0 ते 1 मध्ये हवा, आणि z − x पण 0 ते 1 मध्ये हवा, म्हणजे x हा z − 1 ते z मध्ये हवा. दोन्ही एकदम पाळायच्या. z = 0.4 घ्या: दुसरी अट सांगते −0.6 ते 0.4, पहिली सांगते 0 ते 1, दोन्हीत सामाईक 0 ते 0.4, लांबी 0.4. आता z = 1.3: दुसरी अट 0.3 ते 1.3, सामाईक भाग 0.3 ते 1, लांबी 0.7. म्हणजे z हा 1 च्या खाली असताना उत्तर z, आणि 1 ते 2 मध्ये असताना 1 − (z − 1), म्हणजे 2 − z. ग्राफ काढला की त्रिकोण, टोक z = 1 वर, उंची 1.

पेपर तपासताना इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लिमिट्स 0 ते z लिहून पुढे 2 पर्यंत तशाच नेणं. मग सगळीकडे डेन्सिटी z येते आणि 0 ते 2 मधलं क्षेत्रफळ 2 भरतं, जे 1 च असायला हवं. त्यामुळे शेवटी क्षेत्रफळ बघायची सवय लावाच: आपल्या त्रिकोणाचा पाया 2, उंची 1, क्षेत्रफळ 1, बरोबर.

आता बसचा हिशोब. एकूण 15 मिनिटांपेक्षा जास्त थांबायची शक्यता म्हणजे 1.5 च्या उजवीकडचा छोटा त्रिकोण, ½ × 0.5 × 0.5, म्हणजे 1/8. सपाट डेन्सिटी धरली असती तर 1/4 आली असती, थेट दुप्पट!

आणि ट्रॅफिक नसतं तर? दोन्ही बस घड्याळाच्या काट्यावर, मधला प्रवास रोज अगदी तेवढाच, तर दुसऱ्या स्टॉपवरचं थांबणं रोज सारखंच, म्हणजे Y रँडम राहतच नाही. X + Y म्हणजे X च थोडा पुढे सरकवलेला, पुन्हा सपाट. उलट Y = 1 − X असं घ्या, हाही 0 ते 1 मध्ये युनिफॉर्मच, पण बेरीज कायम 1, त्रिकोणाचा पत्ता नाही. म्हणून X आणि Y आपापल्या जागी युनिफॉर्म आहेत एवढ्यावर भागत नाही, गुणाकाराची ती पायरी इंडिपेंडन्सवरच उभी आहे.

तिसरी बस आली तर? तोच प्रकार परत, फक्त आता एक लांबीची खिडकी त्रिकोणावरून सरकवायची आणि तिच्यात किती क्षेत्रफळ येतं ते बघायचं. मधोमध, म्हणजे बेरीज 1.5 असताना, खिडकी 0.5 ते 1.5 अशी बसते. बाहेर दोन्ही बाजूंना 1/8 चे कोपरे राहतात, म्हणजे डेन्सिटी 3/4. आणि त्रिकोणाला कुठे तुटक उडी नसल्यामुळे या नव्या ग्राफला टोक येत नाही, तीन तुकड्यांचा, प्रत्येक तुकडा वर्गाचा, असा गुळगुळीत उंचवटा तयार होतो.