शिबिर एका दिवसाचं, नोंदवही तीन महिन्यांची

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यातल्या कंपन्यांमध्ये आरोग्य शिबिरं बरीच होतात. फाटकावर बॅनर लागतो, दंतवैद्य येतात, सगळ्यांची तोंडं बघून होतात, टूथपेस्टची एकेक ट्यूब वाटली जाते आणि संध्याकाळी फोटो निघतो. मी दंतवैद्य आहे आणि अशा शिबिरांत तपासणीला बसते. ज्याच्या गालात तोंडाच्या कर्करोगाची शंका यावी असा पांढरा चट्टा सापडला तो माणूस पुढे कुठे गेला, हे बहुतेक ठिकाणी कुणालाच सांगता येत नाही, आणि ते मला फार लागतं. म्हणून आज शिबिराची आखणी सांगताना मी शेवटाकडून, म्हणजे पाठपुराव्याकडून मागे येणार आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा भोसरी एमआयडीसीत 180 माणसांचा एक कारखाना आहे. तीन पाळ्या चालतात, त्यात कंत्राटी कामगारही आहेत आणि कँटीन-साफसफाईच्या बायकाही आहेत. शिबिराची तारीख ठरवण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: संशयित रुग्ण कुठे जाणार आणि तिथे त्याला कोण भेटणार? भोसरीहून पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय जवळ आहे, तिथेच संत तुकाराम नगरात दंत महाविद्यालयही आहे. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराचा ईएसआयचा विमा असतो, त्याच्यासाठी चिंचवडच्या मोहननगरचं किंवा बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय आहे. आधी तिथे जाऊन बोलायचं. आमच्याकडून अमुक दिवसांत काही माणसं येतील, ओपीडी कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत असते, बायोप्सी तिथेच होते की पुढे पाठवतात, हे विचारून लिहून घ्यायचं. ही माहिती हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चट्टा दाखवायचा आणि रस्ता दाखवायचा नाही, याने माणूस नुसता घाबरतो.

आता वेळेचं गणित. नीट तपासणीला एका माणसामागे पाच मिनिटं धरा, हातमोजे बदलायला आणि बोलायला थोडा वेळ धरा, म्हणजे एक दंतवैद्य तासाला दहाजण बघतो. तिघे असले तर तासाला तीस. 180 जणांना सहा तास लागतात, पण ते सलग ठेवले तर रात्रपाळी हमखास सुटते. म्हणून सकाळी 7 ते 8.30 रात्रपाळीहून सुटणारे 45 जण, 11 ते 1.30 पहिल्या पाळीचे 75, आणि 4 ते 6 दुसऱ्या पाळीचे 60. प्रत्येक दंतवैद्याशेजारी लिहून घेणारा एकजण हवाच. तोंडात घातलेल्या हातमोज्याने पेन धरायचं नसतं.

फॉर्म एका पानाचा असावा, मराठीत आणि हिंदीत. वरच्या भागात संमती. तपासणी ऐच्छिक आहे आणि कुणाला काय निघालं हे कंपनीला कळणार नाही, ही दोन वाक्यं मोठ्या अक्षरात छापायची आणि वाचूनही दाखवायची. कामगाराच्या मनात भीती असते ती नोकरीची. भरलेले फॉर्म एचआरच्या टेबलावर पडलेले एकाने जरी पाहिले, तरी पुढच्या पाळीत सगळे “मला कसलंच व्यसन नाही” असंच सांगतात. फॉर्मचा गठ्ठा दंतवैद्यांच्या ताब्यात राहिला पाहिजे. कंपनीला फक्त आकडे द्यायचे, किती तपासले आणि किती पुढे पाठवले एवढेच.

फोन नंबर दोन घ्यायचे, एक स्वतःचा आणि एक घरातल्या माणसाचा. कंत्राटी कामगाराचा ठेकेदार बदलतो, सिमकार्ड बदलतं आणि माणूस हरवतो. अशा वेळी गावाकडच्या भावाचा नंबर कामी येतो. पाळी कोणती तेही लिहायचं, म्हणजे रात्रपाळीवाल्याला सकाळी दहाला फोन करून झोपेतून उठवण्याची वेळ येणार नाही.

सवयींचा प्रश्न कसा विचारता यावर फॉर्म खरा होतो की खोटा, हे ठरतं. “तंबाखूचं व्यसन आहे का?” असं विचारलं की कँटीनमधली मावशी मान हलवून नाही म्हणते. “मावशी, मिश्री लावता का?” म्हटलं की ती सहज सांगते, “हो, सकाळ-संध्याकाळ.” तिच्या लेखी ती दात घासायची पूड असते. म्हणून फॉर्मवर नावं छापायची: मिश्री, तंबाखू-चुना, मावा, गुटखा, नुसती सुपारी, विडी-सिगारेट, दारू. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी तो रकाना गाळू नका. आणि सुपारीचा रकाना वेगळाच ठेवा. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगाला कारण ठरते, आणि तोंड हळूहळू आखडत जाण्याचा आजार मुख्यतः सुपारीनेच होतो. प्रत्येकापुढे दिवसाला किती वेळा आणि किती वर्षांपासून, हे लिहायचं. शेवटी एक प्रश्न: “बार कुठे ठेवता?” माणूस बोटाने गालाची जागा दाखवतो. दंतवैद्याने आधी तीच जागा बघायची.

तपासणीला खुर्ची खिडकीजवळ हवी, डोक्याला लावायचा दिवा, माणसागणिक नवा आरसा किंवा लाकडी पट्टी, नवे हातमोजे आणि गॉजचा तुकडा हवा. कवळी असेल तर आधी काढायला सांगायची. ओठ, दोन्ही गाल, हिरड्या आणि टाळू बघून झाल्यावर जीभ गॉजमध्ये धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढून तिच्या कडा बघायच्या, मग जीभ वर करून खालची जागा. घाईच्या शिबिरात नेमक्या या दोन जागा राहून जातात, आणि कर्करोग तिथेही होतो. त्यानंतर मानेत गाठ लागते का ते चाचपायचं. तोंड पूर्ण उघडायला सांगून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. ते 35 मिलिमीटरहून कमी भरलं तर नोंद करायची.

तपासून झालं की हातात तीनपैकी एक चिठ्ठी. हिरवी म्हणजे दात साफ करणं, छोटी कीड वगैरे सवडीने करायची कामं. पिवळी म्हणजे दुखणं, पू, हलणारा दात, जिथे आठवड्याभरात दवाखाना गाठायला हवा. आणि लाल चिठ्ठी कुणाला? दोन आठवड्यांहून जास्त दिवस न भरलेली जखम, गॉजने पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, कारण न कळणारी गाठ किंवा सूज, तोंडाचा एखादा भाग बधिर होणं, आणि आखडलेलं तोंड. जखमेशेजारी टोकदार दात दिसत असेल तर ते टोक आधी घासून गुळगुळीत करायचं आणि चौदा दिवसांनी पुन्हा बघायचं. तरीही जखम भरली नाही तर बायोप्सीला पाठवायचं. मलम देऊन महिनोन्महिने वाट बघणं इथे महागात पडतं.

हिरवी चिठ्ठी मिळालेल्यालाही एक गोष्ट स्पष्ट सांगावी. ही नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी आहे, दोन दातांमधली कीड एक्स-रेशिवाय बऱ्याचदा दिसत नाही. आज काही सापडलं नाही म्हणजे पुढेही होणार नाही असा दाखला कुणाला मिळालेला नाही.

आता त्या कारखान्यातला एक माणूस डोळ्यांसमोर आणू. प्रेस मशीनवर काम करणारा, वय 38, पंधरा वर्षं तंबाखू-चुना, बार खालच्या डाव्या बाजूला. तिथेच पांढरा, खरखरीत, पुसून न जाणारा चट्टा. दुखत काहीच नाही, आणि म्हणूनच तो जाणार नाही. त्याला लाल चिठ्ठी देताना दंतवैद्याने “कॅन्सर” असा शिक्का मारायचा नाही आणि “काही नाही हो” असंही म्हणायचं नाही. सांगायचं ते असं: “हा चट्टा तंबाखूमुळे आलेला दिसतो. यातले सगळे बिघडत नाहीत, पण कोणता बिघडेल हे नुसतं बघून मलाही सांगता येत नाही. म्हणून तुकडा तपासायला हवा.” त्यावर तो बहुतेक विचारणारच, “तुकडा काढला की पसरतो म्हणतात ना, मॅडम?” या प्रश्नाला तिथेच, खुर्चीत बसल्या-बसल्या उत्तर द्या. बायोप्सीने आजार पसरत नाही. तुकडा न काढता गेलेल्या महिन्यांत तो वाढतो.

लाल चिठ्ठीवर रुग्णालयाचं नाव, विभाग, खोली, वार, वेळ आणि तिथल्या माणसाचं नाव लिहिलेलं असावं. “मोठ्या दवाखान्यात दाखवा” एवढंच लिहिलेली चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहते आणि कपड्यांबरोबर धुतली जाते. चिठ्ठीच्या खालच्या अर्ध्या भागात रुग्णालयाने उत्तर लिहायचं: कधी आला, काय केलं, पुढची तारीख. त्याचा फोटो कामगाराने शिबिराच्या नंबरवर पाठवायचा. कंपनीकडून आधीच एक गोष्ट कबूल करून घ्यायची, की चिठ्ठी असलेल्याला अर्ध्या दिवसाची भरपगारी सुट्टी मिळेल आणि कारण विचारलं जाणार नाही. सुट्टीच्या कागदावर चिठ्ठीचा रंग येता कामा नये, तिथे फक्त क्रमांक लिहायचा.

त्याच संध्याकाळी सामान आवरायच्या आधी नोंदवही भरायची. समजा 180 जणांत नऊ लाल चिठ्ठ्या निघाल्या, तर वहीत नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत रकाने: पोहोचला का, बायोप्सी झाली का, अहवाल काय, उपचार सुरू झाले का. ही वही एकाच माणसाच्या नावावर असावी, दंत महाविद्यालयाच्या सामाजिक दंतशास्त्र विभागातला कुणी किंवा कारखान्याचा डॉक्टर. सगळ्यांची म्हटली की कुणाचीच नसते. तिसऱ्या दिवशी पहिला फोन. चौदाव्या दिवशी ज्यांचा रकाना रिकामा आहे त्यांना पाळीची वेळ बघून पुन्हा फोन, लागला नाही तर घरच्या नंबरवर. मात्र घरच्यांना आजाराबद्दल काही सांगायचं नाही, “तपासणीची तारीख आहे, फोन करायला सांगा” इतकंच बोलायचं. महिन्याने उरलेल्यांना प्रत्यक्ष भेटायचं आणि का गेला नाही ते लिहायचं. कुणाला रुग्णालयात रांगेत उभं राहून परत यावं लागलं, कुणाचं ईएसआय कार्ड आलेलं नाही, कुणी नुसता घाबरला. प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

प्रेसवाल्याचा अहवाल आला आणि त्यात कर्करोग नाही असं समजू. त्याची ओळ तरीही बंद होत नाही. तंबाखू सोडायला त्याला 1800-11-2356 हा मोफत राष्ट्रीय क्रमांक द्यायचा, दर तीन महिन्यांनी चट्टा बघायचा आणि पुढची तारीख त्याच ओळीत लाल पेनाने लिहायची. तीन महिन्यांनी वही तपासताना रिकामे रकाने उरले असतील, तर पुढच्या वर्षीच्या शिबिराची तारीख मागायला आलेल्यांना आधी ते रकाने दाखवा.