छेदातली साठ माणसं

(पहाट. डोंगरातला रस्ता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या, भांडी, पाण्याचे ड्रम आणि वर बसलेली माणसं.)

दसरा होऊन चार दिवस झालेत. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरातून आता रोज अशा ट्रॉल्या निघतात. उचल घेऊन झालेली असते, मुकादमाचे फोन येऊन गेलेले असतात. ऊसतोडीला कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी कर्नाटकात. परत यायचं ते साधारण पाडव्याच्या आसपास.

यातल्या काहींच्या गाठोड्यात एक निळं कार्ड आहे, बीपीच्या गोळ्यांचं. ते जिथून मिळालं त्या दवाखान्यात आम्ही पाच महिने येऊन-जाऊन होतो, आणि तिथल्या एका फळ्यावर काय लिहायचं हे ठरताना पाहत होतो.

(दवाखान्याचा व्हरांडा. केसपेपरची खिडकी. बाकावर बसलेल्या बायका.)

एका संस्थेचा हा लहानसा दवाखाना. एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक फार्मासिस्ट. आणि कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापक, ज्यांना गावातली म्हातारीसुद्धा ताई म्हणते. ताई दर महिन्याला संगणकावर एक लांबलचक तक्ता भरायच्या. तो वर संस्थेकडे जायचा आणि तिथून पुढचा तक्ता मागवला जायचा. दवाखान्यात तो परत कुणी उघडून पाहत नव्हतं.

भादव्यात एका दुपारी ताईंनी तो तक्ता छापून घेतला आणि कात्रीने त्याचे रकाने कापले. सव्वीस चिठ्ठ्या झाल्या. टेबलावर मांडून त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

(टेबलावरच्या चिठ्ठ्या. हात येतो, एक चिठ्ठी उचलतो.)

प्रत्येक चिठ्ठीला त्या एकच प्रश्न विचारत होत्या. हा आकडा वर-खाली झाला, तर उद्या सकाळी आपल्यापैकी कोण काय वेगळं करील?

पहिली चिठ्ठी, एकूण ओपीडी. पावसाळ्यात तापाची साथ आली की वाढते, पेरणीच्या दिवसांत उतरते. वाढली म्हणून सिस्टर वेगळं काय करणार? काहीच नाही. चिठ्ठी बाजूला. दुसरी, आजवर नोंदवलेले रुग्ण. हा आकडा फक्त चढतो. दवाखाना महिनाभर बंद ठेवला तरी खाली येणार नाही. तीही बाजूला. तिसरीवर थोडी ओढाताण झाली. रुग्णांच्या बीपीची सरासरी. डॉक्टरांना ती हवी होती. ताईंनी कागदावर दोन माणसं काढली, एकाचा वरचा आकडा १८०, दुसऱ्याचा १००. सरासरी १४०. "आता सांगा डॉक्टर, यातलं १४० कुणाला आहे?" डॉक्टरांनी स्वतःच ती चिठ्ठी उचलून बाजूला ठेवली.

दिवेलागणीपर्यंत टेबलावर तीनच उरल्या. किती जणांचं बीपी आटोक्यात आहे. किती जण आलेच नाहीत. आणि गोळ्या किती दिवस पुरतील.

तीनच का, असं आम्ही ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी मला दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात फळ्यासमोर उभं राहून तीन गोष्टींवर काम वाटून देता येतं. चौथीला कुणी ऐकत नाही."

(पांढरा फळा. मार्करने तीन ओळी आखल्या जातात.)

आटोक्यात म्हणजे काय, याची व्याख्या त्यांनी नव्याने केली नाही. २०१७ साली देशात सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात जी वापरतात तीच घेतली. महाराष्ट्रात हा उपक्रम सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत होता. व्याख्या अशी: नोंदणी होऊन तीन महिने उलटलेले सगळे रुग्ण घ्यायचे. त्यातल्या ज्यांचं गेल्या तीन महिन्यांतलं शेवटचं बीपी १४०/९० च्या खाली होतं, ते आटोक्यात. जे त्या तीन महिन्यांत आलेच नाहीत, ते न आलेले. वरचा १४० च्या आत हवा आणि खालचाही ९० च्या आत हवा. बरोब्बर १४०/९० असेल तर तो आटोक्यात धरायचा नाही.

आणि याच ठिकाणी पहिली अडचण निघाली.

(रजिस्टरचं पान, जवळून. बोट ओळीवरून खाली सरकतं.)

हे पान नीट पाहा. १४०/९०. १३०/८०. १४०/९०. १५०/९०. १३०/८०. पानभर शेवटचा आकडा शून्यच. दवाखान्यात यंत्र डिजिटल आहे. त्यावर शेवटी शून्यापासून नऊपर्यंत काहीही येतं, म्हणजे शून्य साधारण दहात एकदा दिसायला हवा. पानभर शून्य दिसतोय याचा अर्थ वाचलेला आकडा लिहिताना गोल केला जातोय. १३६ चा १४० होतो आणि आटोक्यातला माणूस आटोक्याबाहेर जातो. १४४ चा १४० होतो आणि डॉक्टर म्हणतात, थोडंच तर आहे.

सिस्टरला कुणी रागावलं नाही. गर्दीत उभ्या-उभ्या, आता जिना चढून आलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला, तर तो आकडा खरा नसतोच, आणि हे सिस्टरलाही ठाऊक होतं. मग व्हरांड्यात पाठ टेकायची एक खुर्ची आली. पाच मिनिटं बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. यंत्रावर दिसेल तो आकडा जसाच्या तसा. दर महिन्याला ताई कुठलंही एक पान उघडतात आणि शून्य मोजतात. आणखी एक गोष्ट पाहतात: १३८/८८ एकदम वाढले का? फळ्यावर आकडा चढला की माणसाचा हात नकळत रेषेच्या आत झुकतो.

(औषधांची खोली. खोकी, कप्पे, फार्मासिस्ट मोजतोय.)

गोळ्यांचा हिशेब फार्मासिस्टने फळ्यावर करून दाखवला. समजायला सोपं जावं म्हणून त्याने २०० रुग्ण धरले, रोज एक अ‍ॅम्लोडिपिन. शिल्लक ९,००० गोळ्या. ९,००० भागिले २००, पंचेचाळीस दिवस. माल महिन्याने येतो, म्हणजे चिंता नाही.

मग त्याने दसरा मांडला. दोनशेतले साठ जण ऊसतोडीला जाणार. प्रत्येकाला तीन महिन्यांच्या म्हणजे नव्वद गोळ्या द्यायच्या, तर ५,४०० गोळ्या एका आठवड्यात जातील. उरतील ३,६००. मागे राहिलेल्या १४० जणांना त्या पंचवीस दिवस पुरतील, आणि माल महिन्याने येतो. पाच दिवसांचं भगदाड. मागच्या महिन्यात किती गोळ्या खपल्या यावरून साठा मोजत राहिलो असतो, तर ते दिसलंच नसतं. उलट तुटवड्याच्या महिन्यात तीसच्या जागी सातच गोळ्या दिल्या जातात, खप कमी दिसतो, आणि कागदावर तोच साठा जास्त दिवस पुरेलसा वाटतो. म्हणून इथे भागाकार खपाने करत नाहीत, गोळ्या चालू असलेल्या माणसांनी करतात. जादा मागणी भादव्यातच गेली. माल वेळेत आला.

(संक्रांत. अंगणात सुगडं. दवाखान्याचं दार. फळा.)

आता जानेवारी. व्हरांडा निम्मा रिकामा आहे. फार्मासिस्टच्याच दोनशेच्या उदाहरणावर ताई आम्हाला हिशेब समजावून सांगतात, आणि आम्हाला वाटतं, पाच महिन्यांत आम्ही टिपलेली ही सगळ्यात मोलाची दहा मिनिटं आहेत.

दोनशे रुग्ण. तीन महिन्यांत ११० आले. त्यातल्या ६६ जणांचं बीपी आटोक्यात. आलेल्या माणसांनी भागलं तर ६६ भागिले ११०, साठ टक्के. छान दिसतं. पण या पद्धतीत आणखी वीस बिघडलेले रुग्ण यायचे बंद झाले, तर टक्केवारी वर जाते. ताई हा छेद खोडतात.

दुसरा छेद डॉक्टरांचा. ते म्हणतात, साठ जण कारखान्यावर आहेत, त्यांना आपण गोळ्या देऊन पाठवलंय, ते येणार कुठून? त्यांना वगळा. ६६ भागिले १४०, सत्तेचाळीस टक्के. आपल्या हातात नाही त्याचा दोष आपल्याला कशाला?

हे बोलणं चुकीचं वाटत नाही. आम्हालाही त्या वेळी पटलं होतं.

उत्तर दिलं ते सिस्टरने. ट्रेमधून एक कार्ड काढलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

"दसऱ्याला नव्वद गोळ्या दिल्या. संक्रांतीला संपल्या. ही बाई येणार पाडव्याला. मधले दोन महिने कोण धरणार?"

(कार्ड, जवळून. तारीख. शेवटचं बीपी १५२/९४.)

मग एकदमच सहा महिन्यांच्या का देत नाही? तेवढा साठा नसतो. आणि हे कार्ड पाहा, १५२/९४. तीच गोळी सहा महिने, न मोजता, पुढे चालवायला डॉक्टरही तयार होणार नाहीत.

छेद दोनशेच राहिला. ६६ भागिले २००, तेहतीस टक्के. ताईंनी फळ्यावर तेच लिहिलं. न आलेले ९०, आणि त्याच्याखाली दोन ओळी: गावात ३०, कारखान्यावर ६०. गावातल्या तिसांची यादी आशाताईंकडे. कारखान्यावरच्या साठांची सिस्टरकडे, कारण दसऱ्याला कार्डावर मुकादमाचा नंबरही तिनेच लिहून घेतला होता.

आम्हाला हे आकडे असेच, न सजवलेले हवे होते. डोंगरातल्या या गावांत अर्धं वर्ष बाहेर राहणारी माणसं शाळेच्या पटावरून गळतात, रेशनच्या यादीत अडकतात. इथे एका छेदात ती टिकली.

पुढच्या पंधरवड्यात फोन झाले. काही लागले, काही बंद होते. काहींच्या गोळ्या गावाकडून निघालेल्या पाहुण्यांबरोबर गेल्या, काहींना कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं.

(सिस्टर, कानाला फोन. पलीकडून उसाच्या फडातला आवाज: कोयत्याचे घाव, ट्रॅक्टर.)

"गोळ्या संपल्या का गं?"

"झाले की आठ दिस."

"निळं कार्ड कुठंय?"

"पेटीत हाय, खोपीवर."

"संध्याकाळी काढ. उद्या सरकारी दवाखान्यात जाशील तेव्हा हातात घेऊन जा, त्यावर गोळीचं नाव आहे. आणि बीपी मोजलं की मला आकडा कळव. दोन्ही आकडे. वरचाही, खालचाही."

(सिस्टर यादीतल्या नावापुढे खूण करते. पुढचा नंबर लावते. फोन वाजत राहतो.)