आल्यावर नमस्कार, निघतानाही नमस्कार

सभासद बंधुभगिनींनो, नमस्कार.

हाच शब्द मी भाषणाच्या शेवटीही उच्चारणार आहे आणि तो तुम्हांला तिथेही खटकणार नाही. असे का होते, एवढ्यापुरतेच आज बोलणार आहे.

'नमस्कार' या शब्दात येण्याचा किंवा जाण्याचा उल्लेखच नाही. 'नम्' म्हणजे वाकणे. त्यावरून 'नमस्', आणि त्याला 'कार' जोडून झालेला 'नमस्कार' हे एका कृतीचे नाव आहे. 'शुभ सकाळ' दुपारी चालत नाही, कारण तिला वेळेचे बंधन आहे. समोरच्यापुढे वाकणे मात्र भेटीच्या कोणत्याही टोकाला शोभते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आपल्या जुन्या पत्रांत सापडतो. वडीलधाऱ्यांना लिहिताना पत्राची सुरुवात 'सा. न. वि. वि.', म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' अशी होई, आणि मजकूर संपल्यावर 'मोठ्यांस सा. न., लहानांस अ. उ. आ.' लिहिले जाई. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना पुन्हा नमस्कार! एकाच कार्डावर वरही नमस्कार आणि खालीही, पण त्यात पुनरुक्ती झाली असे कोणाला वाटत नसे. 'रामराम'चेही तसेच आहे. गावाकडे तो भेटताच घातला जातो, आणि एखादे काम कायमचे सोडणाऱ्याने त्या कामाला 'रामराम ठोकला' असेही आपण म्हणतो.

तमिळमधील 'वणक्कम' हा शब्द 'वणंगु', म्हणजे वंदन करणे, या क्रियापदापासून आला आहे. तमिळ वक्ता 'वणक्कम'ने आरंभ करतो आणि 'नन्री, वणक्कम' म्हणून भाषण संपवतो. शब्दाचे कूळ वेगळे, पण वाकण्याची कल्पना तीच. बंगालीतला 'नमोश्कार' आणि पंजाबीतला 'सत श्री अकाल' हेही दोन्ही वेळी चालतात.

मला अधिक मोह पडतो तो निरोपाच्या वेळी येण्याचे क्रियापद वापरण्याच्या रीतीचा. आपण 'जातो' म्हणणे टाळून 'येतो' म्हणतो, आणि यजमानही दारात 'या' म्हणतात. पाहुणा आला तेव्हाही त्यांनी 'या, बसा' असेच म्हटलेले असते. बंगाली माणूस निघताना 'आशि' म्हणतो, तर गुजराती यजमान 'आवजो' म्हणून निरोप देतो. तमिळमध्ये 'पोयिट्टु वरेन' आणि कन्नडमध्ये 'होगि बर्तीनि', म्हणजे 'जाऊन येतो', असे जाणेही उच्चारले जाते, पण वाक्य येण्यावरच संपते.

या रीतीला एक मर्यादा आहे, आणि ती इथे वाढलेल्या आपल्या मुलांना आवर्जून सांगायला हवी. जिथे मृत्यू झाला आहे, अशा घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत आणि घरचेही 'या' म्हणत नाहीत, कारण अशा प्रसंगासाठी पुन्हा येणे कोणालाच नको असते. तिथे माणूस न बोलता हात जोडतो आणि निघतो.

नमस्कार.